उंच उडीतलं वळण

शालेय स्पर्धांत उंच उडीच्या दोरीबाहेर उभं राहिलं की दरवर्षी तेच दोन प्रश्न कानावर येतात. पहिला बहुधा एखाद्या पालकाचा असतो. "अहो, काठीकडे पाठ करून कसली उडी मारतो हा? काठी दिसते तरी का त्याला?" दुसरा शेजारच्या पोराचा. "सरळ पळत यायचं सोडून एवढा वळसा कशाला घालतोय?"

पहिला प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण पाठमोरी कमान डोळ्यांत भरते. दुसऱ्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. दुर्दैवाने शिकवणाऱ्यांचंही तसंच होतं. पहिल्याच दिवशी मुलांना गादीपुढे पाठमोरं उभं करून "मागे वाक, अजून वाक" सुरू होतं आणि वळणावर धावायला शिकवणं राहून जातं. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं हेच केलं. मुलांच्या कमरा दुखल्या आणि उड्या होत्या तिथेच राहिल्या. ही उडी पाठीने मारली जात नाही, वळणाने मारली जाते, हे मला उशिरा उमगलं. ते कसं, तेच इथे सांगतो.

## ओला टॉवेल आणि बांगडी

ही पद्धत डिक फॉस्बरी या अमेरिकन खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी नामांकित खेळाडू काठीवरून पालथे जात, पोट काठीकडे आणि एकेक पाय ओलांडत. त्या पद्धतीला स्ट्रॅडल म्हणत. शाळकरी फॉस्बरीला ती काही जमेना. तो जुन्या कात्री उडीकडे वळला आणि कात्री मारता मारता मागे रेलू लागला. रेलता रेलता काही वर्षांत तो पूर्ण पाठमोरा झाला. १९६८ साली मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतलं आणि पाठमोरी उडी जगाने पाहिली.

पाठमोरं जाण्याचा फायदा काय? दोरीवर वाळत टाकलेला ओला टॉवेल आठवा. टॉवेल दोरीच्या 'वरून' गेलेला असतो, पण त्याचं बरंचसं वजन दोन्ही बाजूंना दोरीच्या खाली लोंबत असतं. पाठीची कमान करून जाणाऱ्या खेळाडूचंही असंच होतं. डोकं आणि खांदे काठीच्या पलीकडे उतरलेले असतात, पाय अजून अलीकडे खाली असतात आणि त्या क्षणी फक्त कंबर काठीच्या वर असते. शरीर एकदम ओलांडत नाही, तुकड्यातुकड्याने ओलांडतं.

प्रत्येक वस्तूचा एक तोलबिंदू असतो. सगळं वजन जणू त्या एका जागी गोळा झालंय असं मानता येतं. बांगडीचा तोलबिंदू काचेत नसतो, मधल्या पोकळीत असतो. कमान केलेल्या शरीराचा तोलबिंदूही पाठीच्या खालच्या पोकळीकडे सरकतो. त्यामुळे अव्वल खेळाडूचं शरीर काठीवरून जातं तेव्हा त्याचा तोलबिंदू काठीला जवळजवळ घासून, कधी किंचित खालूनसुद्धा, जाऊ शकतो.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग कमान हेच या उडीचं रहस्य. इथे इतिहास थोडा आडवा येतो. फॉस्बरीच्या सुवर्णपदकानंतरही स्ट्रॅडल लगेच संपली नाही. १९७७ साली दोन मीटर ओलांडणारी पहिली स्त्री, पूर्व जर्मनीची रोझमारी आकरमान, स्ट्रॅडलनेच गेली. १९७८ साली व्लादिमिर याश्चेंको याने पुरुषांचा जागतिक विक्रम केला, तोही स्ट्रॅडलने. तेव्हा काठीवरच्या आकारात पाठमोरी उडी फार पुढे होती असं नाही. ती जिंकली ती जमिनीवर. वळणामुळे खेळाडूला जास्त वेगाने येऊनही ती उडी साधता येत होती, शिवाय ती शिकायला सोपी होती.

एक ढोबळ हिशेब करू. समजा, आठवीतली एक मुलगी १६० सेंटिमीटर उंचीची आहे. चवड्यावर उभी, गुडघा वर, हात वर, अशा स्थितीत तिचा पाय जमीन सोडतो तेव्हा तिचा तोलबिंदू जमिनीपासून साधारण १०८ सेंटिमीटरवर असतो. तिथून तिने स्वतःला ४० सेंटिमीटर वर उचललं तर तो १४८ पर्यंत जाईल. कात्री उडीत ती काठीवर जणू बसल्यासारखी जाते, म्हणून तोलबिंदू काठीच्या वीसेक सेंटिमीटर वर ठेवावा लागतो. म्हणजे तिची काठी १२५ च्या आसपास अडकणार. पाठमोरी उडी नीट जमली तर तेवढ्याच ताकदीत १४० च्या पुढे जाता येईल. हा झाला आकाराचा फायदा, आणि तो एकदाच मिळतो. पुढची प्रत्येक वाढ त्या ४० च्या आकड्यातून यावी लागते. तो आकडा हवेत वाढत नाही. पाय जमिनीवरून सुटला की तोलबिंदूची वाट ठरून जाते, मग हवेत कितीही धडपड केली तरी ती बदलत नाही.

## वळणाने काय साधतं?

घाटातल्या वळणावर मोटारसायकल आतल्या बाजूला कलते. खो-खोमध्ये खांबाला वळसा घालणारा पाठलागावरचा खेळाडूही तसाच आत झुकतो. वेग जास्त आणि वळण आखूड, तेवढा कल जास्त. आपल्या मुलीने सेकंदाला ५ मीटर वेगाने ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर धाव घेतली तर तिचं शरीर उभ्या रेषेपासून सुमारे २३ अंश कलेल. तेच वळण तिने पसरट केलं, १२ मीटर त्रिज्येचं, तर कल निम्मा होऊन १२ अंशांवर येईल.

या कलण्याचे दोन उपयोग आहेत. पहिला असा. उडी घेण्याआधी शरीर थोडं खाली आणावं लागतं, कारण खालून वर ढकलायला जेवढी जागा मिळेल तेवढा जोर देता येतो. सरळ धावणाऱ्याला त्यासाठी गुडघे बरेच वाकवावे लागतात आणि वाकलेल्या गुडघ्यांनी वेग मरतो. कललेल्या मुलीला ते लागत नाही. २३ अंश कललं की तोलबिंदू आपोआप सातेक सेंटिमीटर खाली येतो, पाय मात्र ताठ राहतात. १२ अंशांत हीच कमाई दोन सेंटिमीटरची.

दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो समजायला एसटीत उभं राहावं लागेल. दांडी न धरता उभे असाल आणि गाडीने अचानक डावीकडे वळण घेतलं की तुम्ही उजवीकडे फेकले जाता. पाय गाडीबरोबर वळतात, वरचं शरीर सरळच जाऊ पाहतं. त्याच वेळी ड्रायव्हरने ब्रेक दाबला तर तुम्ही पुढेही झुकता. दोन्ही एकदम झालं तर तुम्ही पुढच्या उजव्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर.

उंच उडीत नेमकं हेच घडवायचं असतं. डाव्या पायाने उडणारी मुलगी काठीच्या उजव्या बाजूने येते आणि डावीकडे वळत जाते. काठी तिच्या उजव्या अंगाला असते आणि ती डावीकडे, म्हणजे काठीपासून दूर, कललेली असते. शेवटचं पाऊल टाकताना डावा पाय थोडा पुढे आणि शरीराच्या खाली येतो. पाय थांबतो, वरचं शरीर थांबत नाही. डावीकडचा कल भराभर सरळ होत जातो आणि जमीन सुटते तेव्हा ती ताठ उभी असते. ही सरळ होण्याची गती हवेत चालूच राहते. तीच तिचे खांदे काठीवरून पलीकडे नेते. तिला मागे पडायची गरज नसते, वळण तिला तसं पाडतं.

जी मुलगी सरळ रेषेत येते तिच्याकडे हे आतून मिळणारं फिरणं नसतं. मग ती जमिनीवर असतानाच खांदे काठीकडे टाकते. तिची उडी वर जाण्याऐवजी आडवी जाते आणि काठी पाठीवर घेऊन ती गादीवर पडते. पाहणारे म्हणतात, "कमान कमी पडली."

## फक्कीने आखलेली धाव

कोणत्या पायाने उडायचं हे आधी ठरवावं. मुलांना दोन्ही बाजूंनी तीन-तीन कात्री उड्या मारायला सांगा. कुठल्या बाजूने ती हसत येतात आणि कुठल्या बाजूने अडखळतात ते लगेच दिसतं. डाव्या पायाने उडणारे काठीकडे तोंड केल्यावर उजवीकडून येतात, उजव्या पायाने उडणारे डावीकडून. काठीपासून जो पाय लांब असतो, तो उडण्याचा.

धावेचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा असतो, आधी सरळ आणि मग वळण. शिकाऊ मुलांना आठ पावलं पुरतात, चार सरळ आणि चार वळणावर. मोठे खेळाडू साधारण दहा पावलं घेतात, पण वळणावरची पावलं त्यांचीही चार-पाचच असतात.

आपल्या मुलीसाठी आखणी करून पाहू. उजवा खांब तिच्या जवळचा. त्या खांबापासून काठीच्या मध्याकडे ७० सेंटिमीटर आणि काठीच्या अलीकडे ७० सेंटिमीटर, अशा जागी फक्कीने एक फुली मारा. हा उड्डाणबिंदू. आता उजव्या खांबापासून काठीच्याच रेषेत बाहेर २ मीटर ३० सेंटिमीटर जा आणि तिथून काटकोनात मागे ६ मीटर या. इथे दुसरी फुली, वळण इथे सुरू होतं. त्याच सरळ रेषेत आणखी साडेसहा मीटर मागे तिसरी फुली, तिथून ती निघेल. दुसऱ्या फुलीपासून पहिलीपर्यंत ६ मीटर त्रिज्येचा कंस आखायचा. त्यासाठी सहा मीटरची सुतळी घ्या. एक टोक मित्राने दुसऱ्या फुलीच्या रेषेत डावीकडे सहा मीटरवर रोवून धरावं, दुसऱ्या टोकाने फक्की टाकत जावं. कंस सव्वासहा मीटरचा होतो, म्हणजे दीड मीटरहून थोडी मोठी चार पावलं. मुलगी बुटकी असेल किंवा पावलं आखूड पडत असतील तर निघायची फुली पुढे सरकवा. वळणाचा आकार मात्र चार दिवस तसाच राहू द्या.

उड्डाणबिंदू काठीच्या मध्यासमोर का नाही? कारण ती हवेत वर जाते तशीच काठीच्या लांबीकडेही सरकत असते. अर्ध्याहून थोड्या जास्त सेकंदात ती दीडेक मीटर डावीकडे जाते. जवळच्या खांबाशी उडाली तर गादीच्या मध्यावर पडेल. मध्यातून उडाली तर पलीकडच्या कडेला, आणि वेग चांगला असेल तर कडेच्या बाहेर.

काठी लावण्याआधी दोन-तीन तास नुसतं धावणं करून घ्यावं. मैदानावर खो-खोच्या खांबाभोवती किंवा बास्केटबॉलच्या वर्तुळावर पळवा, आधी हळू, मग जोरात. मुलं सुरुवातीला कमरेतून वाकतात, डोकं आत आणि कुल्ले बाहेर. तो कल खोटा. खरा कल घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत असतो, जणू ती उभी काठीच तिरकी झाली आहे. निघायच्या फुलीमागे उभं राहून पाहिलं तर डोकं पावलांच्या डावीकडे दिसायला हवं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वळण कापणं. मुलं दुसऱ्या फुलीपर्यंत छान येतात आणि मग काठी दिसली की शेवटची दोन पावलं सरळ तिच्याकडे टाकतात. हे डोळ्यांना पटकन दिसत नाही. मातीचं मैदान असेल तर उडीनंतर पावलांचे ठसे पाहा. सिंथेटिक असेल तर कंसावर फक्की थोडी जाड टाका. चारही पावलं कंसावर पडली की नाही ते फक्की सांगते, आणि मुलांशी वाद घालावा लागत नाही.

## शेवटची दोन पावलं

उपांत्य पाऊल, म्हणजे उडण्याच्या आधीचं, थोडं लांब पडतं आणि शरीर त्यावर किंचित बसतं. शेवटचं पाऊल आखूड आणि झटपट असतं. मी मुलांना ताल ऐकायला लावतो, "टाक... टक्‌-टक्‌". शेवटच्या दोन टकटकींमध्ये अंतर उरलं की उडी मेली. उडण्याचा पाय जमिनीवर सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ असतो. तेवढ्यात विचार करायला फुरसत नसते, ताल मात्र अंगात भिनवता येतो.

पाऊल कुणीकडे रोखलेलं आहे याकडे काळजीने पाहा. पाऊल धावेच्या दिशेतच पडलं पाहिजे, साधारण गादीच्या लांबच्या मागल्या कोपऱ्याकडे रोखून. काही मुलं पाठ फिरवायच्या घाईत पाऊल काठीला समांतर किंवा काठीपासून दूर फिरवतात. शरीर एकीकडे चाललंय आणि घोटा दुसरीकडे पिळला गेलाय, अशी अवस्था होते. घोटा मुरगळणं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचं दुखणं इथूनच येतं. पाठ फिरवण्याचं काम पावलाचं नाही. ते मोकळ्या पायाच्या गुडघ्याचं आहे. उजवा गुडघा जोरात वर आणि थोडा आत, डाव्या खांद्याच्या दिशेने गेला की शरीर आपोआप काठीकडे पाठ करतं. दोन्ही हात किंवा निदान बाहेरचा हात वर जावा, पण काठीवरून टाकू नये. वर जावा आणि थांबावा.

शिकवण्याचा एक चांगला टप्पा असा. याच वळणावरून, याच पायाने, कात्री उडी मारून गादीवर उभं उतरायला सांगा. वळणावरून आलेली कात्री उंच आणि ताठ झाली की समजावं, उड्डाण जमलं. मग काठीशिवाय तीच उडी घेऊन गादीवर बसायला सांगा आणि नंतर पाठीवर. बहुतेक मुलं या तिसऱ्या पायरीला "अरे, हेच ते?" म्हणतात. कमान करायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

## काठी कुठे लागली?

काठीवरचं काम थोडक्यात सांगता येतं. डोकं आणि खांदे ओलांडले की कुल्ले वर येऊ द्यायचे. त्यासाठी गुडघे सैल, टाचा कुल्ल्यांखाली, नजर काठीवरून मागे. कुल्ले ओलांडले की हनुवटी छातीकडे आणायची आणि पाय गुडघ्यातून वर झटकायचे. हवेत आधाराला काही नसतं, म्हणून एक भाग वर गेला की दुसरा खाली जातो, तराजूच्या पारड्यांसारखा. खांदे व पाय खाली तर कुल्ले वर, कुल्ले खाली बसले तर पाय वर. हे पारडं योग्य क्षणी उलटवणं, एवढंच.

काठी पडली म्हणजे चूक काठीवर झाली असं नसतं. ती कुठे लागली ते विचारावं. चढताना खांद्याला किंवा पाठीला लागली तर मुलगी फार जवळून उडाली किंवा जमिनीवरच काठीकडे झुकली. उतरताना पोटऱ्यांना लागली तर पारडं उलटवायला उशीर झाला. कुल्ल्यांना लागली तर दोन शक्यता असतात, कमान खरंच कमी पडली किंवा वळण कापलं गेलं, आणि इथेच शिक्षक फसतात.

माझ्याकडे आलेली अशीच एक मुलगी १२५ वर अडकली होती. प्रत्येक वेळी काठी कुल्ल्यांना लागे. आधीच्या शिक्षकांनी तिच्याकडून जमिनीवर शेकडो 'पूल' करून घेतले होते. जमिनीवर ती सुंदर कमान करायची, काठीवर मात्र बसल्यासारखी दिसायची. मी काठी काढून टाकली आणि कंसावर फक्की टाकली. पहिली दोन पावलं फक्कीवर, तिसरं जवळजवळ अर्धा मीटर आत, चौथं काठीच्या अगदी पुढ्यात. वळण कापल्यामुळे तिच्यात फिरण्याची गती नव्हती. खांदे पलीकडे पोचायला वेळ लागे, आणि ते पोचेपर्यंत ती वरच्या टोकावरून खाली यायला लागलेली असे. कमान करायला तिला वेळच नव्हता.

आम्ही आठवडाभर काठीला हात लावला नाही. रोज पंधरा-वीस धावा कंसावर, त्यातल्या सहा-सात वळणावरच्या कात्र्या. निघायची फुली पाऊणेक फूट मागे घेतली, कारण भीती गेल्यावर तिची पावलं लांबली. दुसऱ्या आठवड्यात १२० वर काठी लावली तेव्हा ती इतकी वरून गेली की स्वतःच दचकली आणि गुडघा नाकाला लागता लागता राहिला. १२५ त्याच दिवशी गेली. कमानीबद्दल मी तिला एक अक्षर बोललो नव्हतो.

## गादी नसेल तर ही उडी नाही

फॉस्बरीच्या आधीच्या पिढ्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात उतरत. म्हणून कात्री उडीत पायांवर आणि स्ट्रॅडलमध्ये हात-पाय टेकून उतरायची रीत होती. मानेजवळ पडणारी उडी शक्य झाली ती फोमच्या जाड गाद्या आल्यामुळे. आजही वाळूच्या खड्ड्यात, कुस्तीच्या मॅटवर किंवा जिमखान्यातल्या दोन पातळ मॅट एकावर एक टाकून पाठमोरी उडी घेऊ देऊ नये. गादी नसेल तेव्हा वळणावरची धाव आणि कात्री उडी भरपूर शिकवता येते, आणि तीच पुढे उपयोगी पडते.

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे २०२५ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. मक्याच्या भुशाने भरलेल्या गादीवर त्याने सराव सुरू केला, हे तेव्हा बऱ्याच वर्तमानपत्रांत छापून आलं. ते वाचून आता प्रत्येक शाळेने पोती भरायला घेऊ नयेत. भुसा दाबला जातो, पावसात गोळा होतो आणि दहा उड्यांत मध्यभागी खळगा पडतो. मुलांना तो वरून दिसत नाही.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गादी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच असावी अशी अपेक्षा असते. इतर स्पर्धांसाठी ५ बाय ३ मीटर हे किमान माप धरतात. शिकाऊ मुलं कुठेही पडतात, तेव्हा त्यांना मोठी गादी जास्त गरजेची, आणि नेमकी त्यांच्याच वाट्याला छोटी येते.

शाळांतल्या गाद्या बहुधा दोन-तीन ठोकळ्यांच्या असतात. उड्या पडतात तसे ठोकळे सरकतात आणि मधे फट पडते. वरून कापडाचं आवरण असलं की फट दिसत नाही, पण पाय किंवा कोपर तिच्यात जातो. म्हणून ठोकळे आपसांत पट्ट्यांनी बांधलेले हवेत आणि वर सगळ्यांना मिळून एक अखंड पातळ मॅट हवी. फोम मेला की नाही हे कळायला मी स्वतः उंच स्टुलावरून गादीच्या मध्यावर पाठीवर पडून पाहतो. पाठीला जमीन कळली तर ती गादी बाद.

चौकट: पहिली उडी घेण्याआधी

> गादी आणि खांब यांच्यात किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवा. गादी खांबाला टेकली तर प्रत्येक उडीच्या धक्क्याने काठी हलते.
>
> काठी ज्यावर टेकते ते आधार एकमेकांसमोर, आतल्या बाजूला हवेत. काठी पुढे-मागे दोन्हीकडे सुटी पडली पाहिजे. ती दोरीने, चिकटपट्टीने किंवा खिळ्याने अडकवू नका.
>
> काठी फायबरग्लासची, गोल. लोखंडी पाइप किंवा बांबू नको. त्यावर पडलेल्या पाठीला ते कळतं.
>
> सरावाला काठीऐवजी इलॅस्टिक लावत असाल तर खांबांच्या पायथ्याशी वजन ठेवा. नाहीतर मुलगी इलॅस्टिकमध्ये अडकते आणि खांब तिच्यामागून गादीवर येतो.
>
> उड्डाणाची जागा ओली किंवा वाळू सांडलेली असेल तर झाडून घ्या. वळणावरचा कल धरतो तो बुटाच्या तळव्यामुळे.

उतरणंही शिकवावं लागतं. पाठीचा वरचा भाग आणि खांदे आधी टेकावेत, हात बाजूला पसरलेले, हनुवटी छातीशी. हात मागे टेकवून पडणं वाचवायला जाणारी मुलं मनगट आणि कोपर दुखावून घेतात. गुडघे थोडे फाकलेले ठेवायला सांगा, कारण पाय वर झटकले की ते चेहऱ्याकडे येतात. आणि मागे कोलांटी घेऊन उठायची हौस थांबवा. गादीच्या मागच्या कडेपलीकडे बऱ्याचदा नुसती जमीन असते.

गादीच्या चारही कोपऱ्यांशी जमिनीवर फक्कीची खूण करून ठेवा. आठ-दहा उड्यांनंतर पाहिलं की गादी हातभर मागे गेलेली असते आणि खांबाजवळ एक पट्टा उघडा पडलेला असतो. नेमका तिथेच, घाबरून जवळून उडालेला मुलगा पडतो. आमच्याकडे दर दहाव्या उडीला मी शिट्टी वाजवतो, सगळे रांगेतून येतात आणि गादी ओढून खुणेवर आणतात.